बळ्ळारी नाल्याचे शिवार ही पाणथळ जागा आहे का?

(बेळगावात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

‘पाणथळ जागांचे वर्गीकरण, कार्ये व त्यांना असलेले धोके स्पष्ट करा.’ हा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत चिल्का सरोवर येते, केवलादेव येते, सुंदरबन येते. ती नावे बरोबरच आहेत. पण तुमच्यापैकी अनेकजण वडगाव, शहापूर, येळ्ळूरकडचे आहेत. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगतो आणि पाणी भातात शिरते, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. म्हणून आज आपण हे अख्खे उत्तर त्या एका नाल्यावर आणि त्याच्या काठच्या शिवारावर उभे करू.

सुरुवात व्याख्येने करायची. 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधील रामसर या गावी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात 1982 साली सामील झाला. करारातली व्याख्या फार ऐसपैस आहे. जागा नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, पाणी बारमाही असो वा हंगामी, वाहते असो वा साचलेले, गोडे असो वा खारे, सगळे त्यात बसते. समुद्रकाठी ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेले पाणीही येते.

या व्याख्येवर तीन मोठे गट उभे राहतात: सागरी व किनारी, अंतर्देशीय आणि मानवनिर्मित. तिन्ही मिळून 42 प्रकार. ते सगळे पाठ करू नका, आपल्या भागावर लावून पाहा. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा अंतर्देशीय गटात जाते. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्यात चार महिने भरणारी उथळ डबकीही त्याच गटात, फक्त हंगामी. राकसकोपचा जलाशय मानवनिर्मित. आणि बळ्ळारी नाल्याकाठचे बासमतीचे भातशिवार? तेही मानवनिर्मित गटात येते, कारण रामसरच्या यादीत भातखाचरांचा उल्लेख स्पष्ट आहे.

आता आपल्या देशाचा कायदा पाहा. पाणथळ जागांविषयीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनी व्याख्या जवळजवळ तीच घेतली आणि मग काही गोष्टी तिच्यातून वगळल्या: नदीचे पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय. म्हणजे जे शिवार रामसरच्या यादीत पाणथळ आहे, ते आपल्या नियमात पाणथळ नाही. गदग जिल्ह्यातला मागडी तलाव सिंचनासाठीच बांधलेला. हिवाळ्यात पट्टकादंब हंस तिथे उतरतात आणि 2024 मध्ये त्याला रामसरचा दर्जा मिळाला. तो दर्जा मिळाल्याने नियम त्याला लागू होतात. आपल्या शिवाराला तसा आधार नाही. वर्गीकरण लिहिताना ही विसंगती जरूर दाखवा. माझ्या मते या प्रश्नाचा गाभाच तिथे आहे.

कार्यांकडे येऊ. पुस्तकात डझनभर दिलेली असतात. मी दोनच घेतो.

पहिले, पूर थोपवणे. एक हेक्टर खाचर घ्या आणि बांधाच्या आत 15 सेंटीमीटर पाणी उभे आहे असे धरा. 10,000 चौरस मीटर गुणिले 0.15 मीटर, म्हणजे 1,500 घनमीटर, म्हणजे 15 लाख लिटर. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर! एवढे पाणी ते एक हेक्टर नाल्यात लगेच जाऊ देत नाही. बांधावरून, जमिनीतून सावकाश सोडते. पण याला मर्यादा आहे. खाचर आधीच भरलेले असेल तर पुढच्या पावसाला तिथे जागा उरत नाही. शिवाय भाताला पाय पाण्यात ठेवायला आवडते, डोके बुडवायला नाही. रोप शेंड्यासकट आठवडा-दहा दिवस गढूळ पाण्याखाली राहिले तर कुजते आणि शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. शिवार पूर सोसते ते या मर्यादेपर्यंतच.

दुसरे, पाणी निवळणे. उभ्या पाण्याखालच्या चिखलात वरचे काही मिलिमीटरच प्राणवायू असतो. त्याखाली तो संपतो. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातला नत्र वायुरूपाने हवेत सोडून देतात. सांडपाण्यातला नत्राचा मोठा भाग असा जातो. पण पाणी सावकाश चालले तरच. फॉस्फरसचे तसे नाही. त्याला हवेत जायची वाटच नाही. तो गाळाला चिकटून बसतो, गाळाची क्षमता भरली की पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून ‘पाणथळ जागा म्हणजे निसर्गाची मूत्रपिंडे’ हे वाक्य लिहून थांबू नका. कोणते द्रव्य जाते आणि कोणते साठते, हे लिहा.

इथून धोक्यांकडे सरळ वाट आहे. साठलेल्या फॉस्फरसवर आणि रोज येणाऱ्या सांडपाण्यावर जलपर्णी पोसते. ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. अनुकूल पाण्यात तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो आणि बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. तिने पृष्ठभाग झाकला की खालच्या पाण्यात प्राणवायू मिसळत नाही आणि मासे मरतात. ती काढून नाल्याच्या काठावरच टाकली, तर कुजून तिच्यातला नत्र-फॉस्फरस पहिल्या पावसात परत नाल्यात. ती शिवाराबाहेर नेली तरच काही कमी होते.

दुसरा धोका भरावाचा. एक हेक्टर खाचरावर माती टाकून प्लॉट पाडले की ते दीडशे टँकर पाणी शेजारच्या खाचरात जाते. एका प्लॉटने फरक दिसत नाही. वीस झाले की ज्याने भराव घातलाच नाही त्याचे भात बुडते. हे नुकसान सोसणारा आणि ते करणारा वेगळे असतात, म्हणून मला हा धोका सगळ्यांत अन्यायाचा वाटतो.

तिसरा, अडलेला प्रवाह. गाळाने उथळ झालेले पात्र आणि रस्त्याखालच्या अरुंद मोऱ्या. ‘नाला खोल करा’ ही मागणी रास्त आहे, पण नेमकी अडचण कुठे आहे ते आधी कळले पाहिजे. त्यासाठी यंत्र लागत नाही. पूर असताना, सुरक्षित जागी उभे राहून, मोरीच्या वरच्या आणि खालच्या बाजूची पाण्याची पातळी पाहा. वर पाणी ठळकपणे उंच आणि खाली उतरलेले असेल, तर मोरीच अपुरी आहे. दोन्हीकडे पातळी जवळजवळ सारखी आणि पाणी संथ असेल, तर अडथळा आणखी खाली आहे, मार्कंडेय नदीच्या दिशेने. मग ती मोरी कितीही रुंद केली तरी वरच्या शिवारातले पाणी उतरणार नाही.