ताजं अंडं सोलताना का फाटतं

(बचत गटाच्या खानावळ चालवणाऱ्या सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला तुमच्यातल्याच एका ताईंनी मला गाठलं होतं. घरच्या कोंबड्यांची अंडी त्यांनी सकाळी खुराड्यातून काढली आणि दुपारच्या पंगतीसाठी उकडली. चाळीस अंड्यांची करी होती. सोलायला बसल्या तर टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघायला लागले. अर्धी अंडी उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या, गावरान अंड्याचं साल मुळातच चिवट असतं. ताईंना ते पटलं नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. तेच अंडं आठवड्यानं उकडलं असतं तर सरसर सुटलं असतं. बाजारातलं अंडं सहज सोलतं, कारण ते पोल्ट्रीतून निघून गाडी, ठोक व्यापारी, दुकान असा प्रवास करत आपल्यापर्यंत येईस्तोवर बऱ्याचदा काही दिवसांचं झालेलं असतं. फरक कोंबडीच्या जातीचा नाही, वयाचा आहे.

हे पाहा, मी दोन कच्ची अंडी दोन बशांत फोडते. डावीकडचं आज पहाटेचं, उजवीकडचं नऊ दिवसांपूर्वीचं. डावीकडचं पांढरं जरा धुरकट दिसतंय, दुधाचा हात लागल्यासारखं. उजवीकडचं काचेसारखं स्वच्छ आहे आणि बशीभर पसरलंय. पुष्कळ जणींना धुरकट अंडं खराब वाटतं, पण ते ताजेपणाचं लक्षण आहे. तो धुरकटपणा पांढऱ्यात मुरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. सोड्याच्या बाटलीत असतो तोच वायू, आणि आपला सगळा प्रश्न त्याच्यापाशी आहे.

कोंबडी अंडं घालते तेव्हा हा वायू पांढऱ्यात विरघळलेला असतो, त्यामुळे तिथे थोडं आम्ल टिकून राहतं. शाळेत आपण सामू शिकलो होतो. सात म्हणजे ना आम्ल ना अल्क, आणि त्याच्या वर गेलं की अल्कपणा वाढत जातो. ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा सामू साडेसात ते आठच्या दरम्यान असतो. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून वायू हळूहळू निघून जातो आणि सामू नऊच्या वर चढतो. आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर ठेवलेल्या अंड्यात यातला मोठा बदल पहिल्या काही दिवसांतच होतो. फ्रिजमध्ये त्याला जास्त दिवस लागतात.

आता टरफलाच्या आत बघा. टरफलाला लागून दोन पातळ पापुद्रे असतात आणि आतल्या पापुद्र्याला पांढरं भिडलेलं असतं. सामू कमी असताना अंडं उकडलं, तर पांढऱ्यातली प्रथिनं थिजता थिजता त्या पापुद्र्याला इतकी घट्ट धरतात की त्यांची आपसातली पकड त्यापुढे सैल पडते. मग आपण टरफल ओढतो तेव्हा जिथे पकड कमी तिथे फाटतं, म्हणजे पांढऱ्याच्या मधोमध. सामू वाढला की पापुद्र्याशी असलेली ओढ कमी होते आणि पांढरं एकसंध सुटून येतं. जुन्या काळी अंडी टिकावीत म्हणून टरफलाला तेल चोळत. तेलानं छिद्रं बुजतात आणि वायू आतच राहतो. अशी अंडी टिकतात चांगली, पण पुष्कळ दिवसांनीही सोलायला त्रास देतात.

तेव्हा रविवारच्या करीची अंडी आदल्या सोमवार-मंगळवारी बाजूला काढा आणि सकाळची ताजी अंडी ऑम्लेट-बुर्जीला वापरा. सुट्या अंड्यांवर तारीख नसते, म्हणून पाण्याच्या पातेल्यात टाकून पाहायचं. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाशीच राहून जाड टोक वर उचललं तर उकडायला छान. तरंगलं तर फार जुनं, ते वापरायचं नाही. मात्र मुद्दाम अंडी फार जुनी करू नका. वय वाढलं की जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते आणि उकडलेल्या अंड्याला तिथे खळगा पडतो. पांढरं पातळ झाल्यामुळे बलक मध्यावर राहत नाही, एका कडेला सरकतो. अर्धी कापून मांडायची असतील तर ते लगेच डोळ्यांत येतं.

पण हाताशी आजचीच अंडी असली तर? तेव्हा आचेकडे लक्ष द्यायचं. माझ्या मते आपली खरी चूक इथे होते. आपण अंडी गार पाण्यात ठेवतो आणि गॅस पेटवतो. पांढरं साधारण साठ अंशांच्या पुढे थिजायला लागतं. पाणी सावकाश तापतं तेव्हा पापुद्र्याला लागून असलेला थर रेंगाळत थिजतो आणि तेवढ्या वेळात पापुद्र्याला चिकटून बसतो. तेच अंडं खळखळत्या पाण्यात सोडलं तर बाहेरचा थर एकदम थिजतो, प्रथिनं एकमेकांनाच पकडतात आणि पांढरं आत आकसतं.

म्हणून पाणी आधी उकळू द्या. फ्रिजमधली अंडी अर्धा तास बाहेर ठेवा, नाहीतर तडकतील. झाऱ्यावर घेऊन एकेक अलगद सोडा, आच जरा कमी करा आणि अकरा मिनिटं ठेवा. मग गार पाण्यात, शक्यतो बर्फाच्या, दहा-पंधरा मिनिटं. गार पाण्यानं शिजणं थांबतं आणि बलकाभोवती हिरवट कडा धरत नाही. ही कडा जुन्या अंड्यात लवकर येते, कारण अल्कपणा वाढला की पांढऱ्यातून गंधक जास्त सुटतं आणि ते बलकातल्या लोहाशी जुळतं.

त्या ताईंचं गणित आता मांडू. चाळीस अंडी एका पातेल्यात टाकली की पाण्याची उकळी बसते आणि पुन्हा यायला कितीतरी मिनिटं जातात. म्हणजे उकळत्या पाण्यात टाकूनसुद्धा आपण गार पाण्यातूनच सुरुवात केल्यासारखं होतं. एक तर दहा-दहाचे घाणे करा, नाहीतर वाफ वापरा. घरातलं मोदकपात्र काढा. खाली दोन बोटं पाणी, त्याला उकळी, भरपूर वाफ धरली की चाळणीवर अंडी एका थरात मांडून झाकण. पाणी थोडंच असल्यामुळे वाफ लगेच परत धरते आणि प्रत्येक अंड्याला पहिल्या क्षणापासून कडक आच मिळते. बारा-तेरा मिनिटं पुरतात. मी ताज्या अंड्यांसाठी हीच पद्धत वापरते.

पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर घातल्यानं साल सुटत नाही. अंडं तडकलं तर बाहेर आलेलं पांढरं लवकर थिजतं, एवढाच उपयोग. खाण्याच्या सोड्यानं थोडा फरक पडू शकतो, पण जास्त झाला तर गंधकाचा वास वाढतो, म्हणून मी घालत नाही.

आता सोलून दाखवते. हे आज पहाटेचंच, मोदकपात्रातून काढून गार केलेलं. ओट्यावर हलकं आपटून तळव्याखाली लोळवायचं, सगळीकडे तडे जायला हवेत. सुरुवात जाड टोकाकडून, कारण पोकळीमुळे तिथे पापुद्रा पांढऱ्यापासून उचलायला सोपा जातो. नख टरफलाखाली घालून थांबू नका, त्या पांढऱ्या पापुद्र्याच्याही खाली गेलं पाहिजे. तो हाताला लागला की टरफलाचे तुकडे त्यालाच चिकटून पट्टीसारखे येतात. आणि हे पाण्याच्या भांड्यात धरून करायचं, पाणी फटीतून आत शिरतं आणि पापुद्रा सोडवतं. इथे बारीकसा खळगा पडलाय, बाकी अंडं गुळगुळीत आहे. पहाटेच्या अंड्याकडून याहून जास्त मागू नये. ताई, तुम्ही या पुढे, दुसरं तुम्ही सोला.