सोनामुखीचा चहा आणि दुसऱ्या दिवसाचा घोळ

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? कूलरचा आवाज फार आहे, पण बंद करा असं मे महिन्यात आपल्या जळगावात कोण म्हणेल.

तर आमच्याकडे एक मावशी आल्या होत्या, वय 62, चोपड्याकडच्या. तक्रार काय तर पायात गोळे येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात आणि मधेच छातीत धडधडतं. बीपीची गोळी चालू होती, लघवी जास्त करवणारी. मी विचारलं अजून काही घेता का, तर म्हणे नाही, काहीच नाही. उठता उठता सून बोलली, "आणि तो चहा?" मावशी म्हणतात, ते काय औषध आहे का, ती तर पानं आहेत!

ती पानं म्हणजे सोनामुखी. बाजारातून आणायची, घरी कुटायची, रात्री गरम पाण्यात उकळून गाळातल्या चोथ्यासकट प्यायची. सुरुवात अर्ध्या चमच्याने झाली होती, दोन वर्षांत दोन चमचे झाले, तेही रोज.

आता हे पान करतं काय ते सांगतो, कारण गंमत तिथेच आहे. त्यातली सेनोसाइड्स नावाची द्रव्यं जठरात आणि लहान आतड्यात जवळपास काहीच करत नाहीत, तशीच पुढे सरकतात. मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू त्यांना तोडतात आणि तेव्हा खरं औषध तयार होतं. ते आतड्याला जोरात आवळायला लावतं आणि पाणी आत शोषू देत नाही, म्हणून मळ पातळ होतो. या सगळ्याला 6 ते 12 तास लागतात, म्हणून रात्री घेतलं की सकाळी काम होतं. आणि यावरूनच कळेल की वजन कमी करायच्या चहात हे घालून उपयोग नाही, कारण जेवणातलं सत्त्व लहान आतड्यात आधीच शोषलं गेलेलं असतं, काट्यावर कमी दिसतं ते फक्त पाणी.

मोठ्या माणसाला साधारण 15 ते 30 मिलिग्रॅम सेनोसाइड्स पुरतात. वाळलेल्या एका ग्रॅम पानात ती 25च्या आसपास असतात, म्हणजे एका ग्रॅममध्येच डोस झाला. मावशींचे दोन चमचे किती ग्रॅम होते देव जाणे, पण एकापेक्षा बरेच जास्त. गोळीवर आकडा छापलेला असतो, चहात जास्त उकळलं की जास्त उतरतं, हिशोब कुठला ठेवणार?

बरं, खरा घोळ होतो दुसऱ्या दिवशी. जोराचा जुलाब झाला की मोठं आतडं पार रिकामं होतं आणि ते परत भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचाला होणारच नाही, कारण आत काही नाहीच! पण माणूस समजतो परत बद्धकोष्ठ झालं, आणि परत चहा. मावशींचं नेमकं हेच झालं.

त्यात रोजच्या पातळ शौचातून पोटॅशियम जातं, बीपीच्या गोळीने लघवीतून जातं, वर उन्हाळ्यात घाम. शिवाय अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की शरीर मीठ धरून ठेवायच्या नादात लघवीतून अजून पोटॅशियम सोडतं. रक्त तपासलं तर 2.8 निघालं, हवं किमान 3.5. पोटॅशियम कमी झालं की स्नायू ढिले पडतात, आणि आतडंही स्नायूचंच असतं ना, तेही मंद होतं. म्हणजे बद्धकोष्ठ आता चहामुळेच, आणि उपाय म्हणून परत तोच चहा.

आतड्याच्या नसा मरतात असं तुम्ही ऐकलं असेल, नेहमीच्या डोसने तसं होतं याचा पक्का पुरावा नाही, मी उगाच घाबरवणार नाही. आतून दुर्बिणीने पाहिलं तर आतडं काळपट दिसतं हे मात्र खरं, पण बंद केल्यावर काही महिन्यांत तो रंग जातो.

मावशींना दाखल करून पोटॅशियम दिलं, ईसीजी पाहिला, बीपीची गोळी बदलली. चहा बंद. त्याऐवजी इसबगोल, चमचाभर भरपूर पाण्यात, आणि आधीच बजावलं की पहिले तीन-चार दिवस काही होणार नाही, घाबरू नका. पाचव्या दिवशी सुनेचा फोन आला, झालं म्हणून.

अधूनमधून, प्रवासात वगैरे, दोन-चार दिवस सोनामुखी घ्या, माझी हरकत नाही. आठवडाभरात भागलं नाही तर दाखवायला या, आणि शौचात रक्त दिसलं किंवा पोट फुगून उलट्या होत असतील तर चहा अजिबात नको, लगेच या. ... हो, बोला काका? कळण्याची भाकरी? ती खा ना, तिला कोण नाही म्हणतंय, पण तिच्यासोबत पाणी प्या.