काटा थांबला की आधी तेलाचा डबा मोजा

(धरमपेठेतल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गेली अनेक वर्षं मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांचा सगळ्यात नेहमीचा प्रश्न एकच असतो: "सहा किलो उतरले, आता काटा हलतच नाही. अजून कमी खाऊ का?" मी म्हणते, थांबा. आधी आपण लिहितो ते खरं आहे का, ते पाहू.

एका ताईंचं उदाहरण सांगते. वय 46, शाळेत शिक्षिका. 78 किलोवरून 72 वर आल्या आणि पाच आठवडे तिथंच. डायरीत रोज 1400 कॅलरी. त्या 1100 वर यायला निघाल्या होत्या, आणि त्याच वेळी दुपारच्या तासाला डोळ्यांसमोर अंधारी येते असंही सांगत होत्या. मला तेच खटकलं.

काटा खरोखर थांबला आहे का, हे मी पहिल्यांदा पाहिलं. सावजीचं जेवण झालं की मिठामुळे शरीरात पाणी धरून राहतं आणि दुसऱ्या दिवशी वजन किलोभर वर दिसू शकतं. पाळीच्या आधीही तसंच होतं. म्हणून रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन घ्यायचं आणि आठवड्याची सरासरी काढायची. पाळी येत असेल तर या महिन्याच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी. ताईंची सरासरी खरंच हललेली नव्हती.

मग डायरी उघडली. तेल: रोज दोन चहाचे चमचे, म्हणजे जेमतेम 80 कॅलरी. मी विचारलं, चमच्यानं घालता का? म्हणाल्या, "नाही हो, पळीनंच घालते, अंदाजानं." तेव्हा मी त्यांना एकच काम दिलं. सोमवारी सकाळी तेलाचा डबा वजनकाट्यावर ठेवा, पुढच्या सोमवारी परत ठेवा. मध्ये तेल ओतलं तर तेही लिहा. त्या आठवड्यात त्यांनी सांबारवडी तळली होती, तर कढईत उरलेलं तेल डब्यात परत ओतूनच वजन केलं. सात दिवसांत 840 ग्रॅम तेल गेलं होतं. घरात चार माणसं, म्हणजे माणशी रोज 30 ग्रॅम. एका ग्रॅमला 9 कॅलरी धरा, झाल्या 270. डायरीत 80 आणि पोटात 270! वाटणी समान नसते, थोडं तेल भांड्याला लागून राहतं, हे मान्य. तरी एवढी तफावत त्यात बसत नाही.

दुसरी चूक भातात सापडली. ताई 60 ग्रॅम कच्चे तांदूळ नेमानं मोजत, पण मोबाइलच्या ॲपमध्ये नोंद निवडत "शिजवलेला भात" अशी. कच्च्या 60 ग्रॅम तांदळात साधारण 210 कॅलरी असतात. 60 ग्रॅम शिजलेल्या भातात 80 सुद्धा नाहीत, कारण त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं. 130 कॅलरी इथं गळाल्या. पोहे, डाळ, साबुदाणा, सगळीकडे हा घोळ होतो. मोजलं कच्चं तर नोंदही कच्च्याचीच हवी.

दोन्ही मिळून रोज 320. म्हणजे 1400 नव्हे, 1700 च्या वर. त्यांच्या वयाला, वजनाला आणि बैठ्या कामाला रोज साधारण तेवढीच लागतात. काटा हलणार कसा?

यात ताई खोटं लिहीत होत्या असं कुणी समजू नका, माझी कळकळीची विनंती आहे. 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी "कमी खाऊनही उतरत नाही" असं सांगणाऱ्या लोकांचं मोजमाप केलं. ते जेवढं खात होते त्यापेक्षा सरासरी 47 टक्के कमी सांगत होते, आणि शरीराचा खर्च मात्र अपेक्षेइतकाच होता. नजरेचा अंदाज असाच चुकतो.

उपाय साधा केला. सकाळीच एका वाटीत 60 ग्रॅम तेल काढून ठेवायचं, दिवसभराचा चौघांचा स्वयंपाक त्यातच. तांदूळ 60 ऐवजी 40 ग्रॅम. बाकी ताट तसंच, वरण आणि दही तर मी मुळीच कमी करू दिलं नाही.

नीट मोजूनही तीन-चार आठवडे सरासरी हलली नाही, तर मात्र रोजच्या 100-150 कॅलरी कमी करायला हरकत नाही, कारण वजन उतरतं तशी शरीराची गरजही घटते. सोबत थकवा, सूज, पाळीची गडबड असेल किंवा स्टेरॉइडसारखं औषध चालू असेल, तर आहारात काहीही बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

ताईंच्या डायरीत आता रोज 1500 च्या आसपास आकडा येतो, आधीच्यापेक्षा 100 जास्त. चार आठवड्यांत त्यांची सरासरी 700 ग्रॅमनं खाली आली, आणि दुपारच्या तासाला अंधारी येणं बंद झालं.