उताऱ्याचा आलेख: जिनिंगच्या रोजच्या अहवालात काय दिसायला हवं
(जळगाव येथे जिनिंग-प्रेसिंग व्यवस्थापकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अहवालांबद्दल सगळंच बोलायला बसलो तर दिवस पुरणार नाही. म्हणून मी एकच आकडा घेतो, रुईचा रोजचा उतारा. धरणगाव असो, बोदवड असो की शहादा, हंगामात संध्याकाळी शेठ पहिला प्रश्न हाच विचारतात, "आज उतारा किती बसला?" या आकड्याचं चित्र कसं काढायचं, एवढाच आजचा विषय आहे.

बहुतेक ठिकाणी हा आकडा उभ्या खांबांच्या आलेखात येतो. खांबाची गोष्ट अशी की डोळा त्याची लांबी मोजतो, त्यामुळे खांब शून्यापासूनच सुरू करावा लागतो. पण उतारा ३३ ते ३५ टक्क्यांच्या मधेच फिरतो. शून्यापासून काढले तर महिन्याचे सगळे खांब एकाच उंचीचे दिसतात आणि अहवाल पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. मग कोणीतरी अक्ष ३३ पासून सुरू करतो. आता ३४.० चा खांब एक घर उंच आणि ३४.५ चा दीड घर उंच. अर्ध्या टक्क्याचा फरक दीडपट दिसतो आणि शेठ उगाच घाबरतात. इथे रेषेचा आलेख घ्यावा. रेषेत डोळा लांबी मोजत नाही, बिंदू वर गेला की खाली आला एवढं पाहतो, म्हणून तिचा अक्ष शून्यापासून असण्याची गरज नसते. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली व्यापाराच्या आकड्यांसाठी रेषा वापरली, आणि काळाबरोबर बदलणाऱ्या आकड्यासाठी आजही मी तीच सुचवतो.

पण नुसती रेषा पुरत नाही. ती रोज वरखाली होणारच. कुठलं वरखाली होणं नेहमीचं आणि कुठलं वेगळं, हे चित्रातच दिसलं पाहिजे. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली याच प्रश्नासाठी नियंत्रण आलेख मांडला. त्याचा सोपा प्रकार आपण फळ्यावर करून पाहू.

समजा पहिल्या दहा दिवसांचा उतारा असा आहे: ३४.२, ३४.५, ३४.१, ३४.४, ३४.०, ३४.३, ३४.५, ३४.२, ३४.४, ३४.४. सरासरी येते ३४.३. आता प्रत्येक दिवसाचा आदल्या दिवसापासूनचा फरक काढा, अधिक-उणे न पाहता. त्या नऊ फरकांची सरासरी साधारण ०.२७ येते. तिला २.६६ ने गुणलं की ०.७१. सरासरीत तेवढे मिळवा आणि सरासरीतून तेवढेच वजा करा. वरची मर्यादा ३५.० आणि खालची ३३.६. एक्सेलमध्ये B स्तंभात उतारा आणि C मध्ये फरक असेल तर खालची मर्यादा अशी:

```
C3:  =IF(COUNT(B2:B3)=2,ABS(B3-B2),"")
D2:  =AVERAGE(B$2:B$11)-2.66*AVERAGE(C$3:C$11)
```

दहा दिवस हे कामचलाऊ झाले. वीस दिवस मिळाले तर मर्यादा जास्त भरवशाच्या होतात.

पुढचे आठ दिवस असे गेले: ३४.१, ३४.०, ३४.२, ३४.१, ३३.९, ३४.१, ३४.०, ३४.२. उद्दिष्ट ३४ ठेवून त्याखालचा आकडा लाल करायची पद्धत असेल, तर आठांपैकी एकच दिवस लाल होतो. मॅनेजर त्या पाळीच्या लोकांना बोलावतो, विचारपूस करतो, आणि दुसऱ्या दिवशी ३४.१ आला की सगळे निश्चिंत होतात. रेषेवर मात्र दिसतं की मर्यादेबाहेर एकही बिंदू नाही, तरी आठही दिवस सरासरीखाली आहेत. निव्वळ योगायोगाने सलग आठ बिंदू खाली यायची शक्यता ढोबळमानाने २५६ मध्ये एक. म्हणजे काहीतरी बदललं आहे आणि ते टिकून आहे. रोज ३०० क्विंटल कापूस चालत असेल तर ०.२ टक्के म्हणजे दिवसाला ६० किलो रुई. आठ दिवसांत ४८० किलो, १७० किलोच्या जवळजवळ तीन गाठी.

आता शोध घ्यायचा तो एका लाल दिवसाचा नाही, घसरण सुरू झाली तेव्हा काय बदललं याचा. मी आधी सरकी हातात घेऊन पाहीन. तिला रुई चिकटलेली असेल तर रोलर झिजलेत किंवा चाकूची बैठक हलली. सरकी स्वच्छ असेल तर कापसाकडे बघा. ओला कापूस काट्यावर जास्त भरतो, पुढे सुकतो, आणि ती घट उताऱ्यात उतरते. ओलावा ८ टक्क्यांवरून १२ वर गेला असेल तर दोष यंत्राचा नाही, खरेदीचा आहे.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आजचा कापूस आणि आजचीच रुई यांची जोडी बसली पाहिजे. काही ठिकाणी उतारा बांधलेल्या गाठींवरून काढतात. रुई हॉलमध्ये संध्याकाळी शिल्लक राहिली की आज उतारा कमी आणि उद्या तेवढाच जास्त दिसतो. रेषा करवतीच्या दातांसारखी दिसली की हेच समजा. यात खरा तोटा असा की रोजचा फरक फुगतो, मर्यादा लांब जातात आणि खरी घसरण त्यांच्या आत लपते. अशा वेळी आलेखाशी खेळू नका, शिल्लक रुई मोजायला लागा. तसंच गिरणी बंद असलेल्या दिवशी रकान्यात शून्य भरू नका, तो मोकळा ठेवा. आणि मर्यादा रोज नव्याने काढू नका, नाहीतर घसरणीबरोबर त्याही खाली सरकतात. फरदडीचा कापूस सुरू झाला, म्हणजे मालच बदलला, तर मात्र नव्या काढाव्यात.

उतारा घसरला हे कळल्यावर पुढचा प्रश्न, कुठल्या जिनचं काम अडतंय? इथे चोवीस जिनांच्या चोवीस रंगीत रेषा एका चौकटीत काढलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातून एक रेषा डोळ्याने वेगळी काढणं अशक्य. पाय चार्टचीही तीच गत, चोवीस फाकांचे कोन कोणाला जोखता येणार? आठवड्यात प्रत्येक जिन किती मिनिटं बंद होती, याच्या आडव्या पट्ट्या काढा, सगळ्यात जास्त बंद असलेली वर. या पट्ट्या शून्यापासूनच हव्यात, कारण इथे लांबीच मोजायची आहे. क्रमांकानुसार लावू नका. सात नंबर कुठे आहे हे शोधायला कोणी अहवाल उघडत नाही, कोण सर्वात वाईट आहे हे पाहायला उघडतो.

आणि लाइट गेल्याची मिनिटं त्यातून वगळा. वीज गेली की सगळ्या जिन एकदमच थांबतात. प्रत्येक पट्टीत ती सारखीच भर पडते आणि जिनांमधला फरक पुसट होतो. ती मिनिटं खाली एका ओळीत आकड्यानेच लिहा. रोलर बदलणं, पट्टा तुटणं आणि जिन गच्च होणं, ही त्या जिनची स्वतःची कारणं, तेवढी पट्टीत ठेवा. सगळ्या पट्ट्या राखाडी ठेवा आणि ज्या जिनपाशी आज माणूस पाठवायचा आहे, तिलाच रंग द्या.

राहिलं शीर्षक. "दैनिक उतारा अहवाल" असं छापण्याऐवजी "११ तारखेपासून उतारा सरासरीखाली" असं लिहा. मागच्या जाड चौकटी, त्रिमितीची सावली, प्रत्येक बिंदूवरचा आकडा, हे सगळं काढून टाका. आकडा फक्त शेवटच्या बिंदूला आणि मर्यादांना द्यायचा. ज्यांना रोजचे आकडे लागतात त्या मुनीमजींसाठी मागच्या पानावर कोष्टक असू द्या.