गेल्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत टाकू नका

नमस्कार मैत्रिणींनो. परळच्या महिला मंडळातल्या बायका आज दुपारी एका खोलीत जमून रेडिओ लावून बसल्या आहेत, असा निरोप आलाय. बसा निवांत. हातात मेथी निवडायला असेल तर निवडा, माझं काही म्हणणं नाही. कान तेवढे इकडे असू द्या.

विषय दिलाय, घरखर्चाचं अंदाजपत्रक कसं सुरू करावं. अंदाजपत्रक म्हटलं की मला सरकारी फाइल दिसते, म्हणून मी आपली हिशेबच म्हणते. महिन्याला तेल किती लागतं, दूध किती येतं, हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मला एकच सांगायचंय. महिनाअखेरीला वहीत जी शिल्लक दिसते, ती बहुतेक वेळा शिल्लक नसते. पुन्हा सांगते, वहीत दिसते ती शिल्लक नसते. हे मला कुणी शिकवलं, त्याचीच गोष्ट सांगते.

साल 1998. आम्ही तेव्हा परळलाच चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसरी खोली. ह्यांचा पगार हातात यायचा 6,500 रुपये. मला हौस आली की आपण हिशेब ठेवायचा. लांबट, रेघा मारलेली वही आणली आणि 1 एप्रिलपासून लिहायला सुरुवात केली. किराणा, दूध, भाजी, भाडं, लाइट, गॅस, ह्यांचा पास, गावी सासूबाईंना मनीऑर्डर. कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडली नाही. 30 तारखेला बेरीज मारली तर खर्च 5,700. म्हणजे 800 रुपये उरले! मी दोनदा बेरीज तपासली. 800 रुपये महिन्याला उरतात आणि आपल्याला पत्ताच नाही!

मग काय, मिक्सर घेतला. 2,400 रुपयांचा, 400 चे सहा हप्ते, मे ते ऑक्टोबर. चटणी पाट्यावरचीच चांगली, हे माझं आजही मत आहे. मिक्सरमध्ये खोबरं बारीक होतं, पण त्याला तेल सुटत नाही. पण शेजारी तिघींकडे मिक्सर आला होता, आणि चाळीत आवाज सगळ्यांना ऐकू जातो, समजलं ना?

मे महिन्यात गावी पुतणीचं लग्न निघालं. एसटीचं भाडं, आहेर, मुलांना कपडे मिळून 1,500 गेले. मी ते वहीत ‘इतर’ म्हणून लिहिलं आणि वाण्याकडे उधारी ठेवली. जूनमध्ये शाळा उघडली. वह्या, पुस्तकं, गणवेश, दोघांचे रेनकोट, पुन्हा 1,500. तेही ‘इतर’मध्ये. ऑगस्टात गणपतीला कोकणात जायचं, घरचा गणपती, चुकवता येत नाही. 2,000 हवे होते. आणि तोवर माझी वही इतकी सुबक झाली होती, की तिच्यात सगळं होतं, फक्त पैसे नव्हते.

मी समोरच्या काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले. गिरणी संपाच्या वेळी, म्हणजे 1982 ला, त्यांनी पगार बंद असताना घर चालवलं होतं. म्हटलं, ‘काकू, 1,000 रुपये मिळतील का? दिवाळीच्या बोनसवर देईन.’

काकू म्हणाल्या, ‘पैशाचं बघू. आधी सांग, गणपती काय यंदा अचानक आले?’

मी गप्प. त्या उठल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्याच खिळ्याला खाली मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं, त्याखाली त्याच्या मागच्या वर्षीचं. काकू जुनं कॅलेंडर काढतच नसत, नवं त्याच्यावर अडकवायच्या. तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं. ‘दूध नाही.’ ‘गॅस लावला.’ ‘रेनकोट.’ ‘विमा भरला.’ ‘आहेर, ताट-वाटी.’ बाजूला रक्कम.

‘तुझं गेल्या वर्षीचं आण,’ म्हणाल्या. माझं तर जानेवारीतच रद्दीत गेलं होतं. (आजकाल तर कॅलेंडरच्या मागे मजकूर असतो तोही कुणी वाचत नाही, 1 तारखेला जिन्याखाली ढीग पडलेला असतो. असो.) मग त्यांच्या कॅलेंडरचा एकेक महिना उलटत त्या विचारत गेल्या आणि मी आठवून सांगत गेले. मार्चला काय? ह्यांच्या विम्याचा वर्षाचा हप्ता, 2,400. बघा हं, माझी वही 1 एप्रिलला सुरू झाली होती, म्हणून तिला विमा माहीतच नव्हता! मे महिन्यात गाव आणि लग्नकार्य, 1,500. जूनला शाळा, 1,500. गणपती 2,000. दिवाळी 1,800. आणि ‘कुणीतरी एकदा तापानं पडतंच’ म्हणून काकूंनी आपणहून 400 धरले.

बेरीज झाली 9,600. ‘आता बाराने भाग,’ म्हणाल्या.

भागले. 800.

मी त्या आकड्याकडे बघतच राहिले. काकू म्हणाल्या, ‘तुझ्या वहीतले 800 उरले नव्हते गं. त्यातले काही गणपतीचे होते, काही रेनकोटचे, काही विम्याचे. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे ठेवायला दिलेले असावेत तसे. त्यातून तू मिक्सर घेतलास.’ आणि मग डब्यातून काढून 1,000 रुपये दिले.

ते बोनसवर फेडले, दिवाळीही बोनसवरच झाली. ऑक्टोबरला मिक्सरचा हप्ता संपला आणि नोव्हेंबरपासून मी पगार आला की आधी 800 बाजूला काढायला लागले. आधी, हं. महिनाअखेरीला उरले तर नाही, पगाराच्याच दिवशी. पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगते. मार्चपर्यंत 4,000 जमले, विमा भरला, 1,600 राहिले. एप्रिल आणि मेचे 800 पडले, गावचा खर्च गेला, 1,700 राहिले. जूनला शाळा झाली, हातात 1,000. त्या वर्षी गणपती सप्टेंबरला आले, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर करून 3,400 होते, 2,000 गेले. आणि दिवाळी झाल्यावर उरले 400. त्याच आठवड्यात धाकट्याला ताप आला आणि तेही गेले. वर्षाअखेरीला खातं शून्य. पण कुणाच्या दारात उभी राहिले नाही.

बोलता बोलता माझी निम्मी वेळ गेली, आता कामाचं पटापट सांगते.

पहिलं, हे पैसे ठेवायचे कुठे? घरच्या डब्यात राहत नाहीत. भाजीवाल्याला सुट्टे हवे म्हणून झाकण उघडतं, आणि एकदा उघडलं की उघडतच राहतं. आवर्ती ठेव चांगली, पण या कामाला पोस्टाची नको. ती पाच वर्षांची असते, तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही आणि गणपती काही तीन वर्षं थांबत नाहीत. भिशीतही तीच अडचण, तुमची चिठ्ठी जूनला निघेल याचा भरवसा काय? साधं बचत खातं, पण पगाराच्या खात्यापासून वेगळं. मी पोस्टात उघडलं होतं. वेगळं पासबुक, तेवढंच महत्त्वाचं.

दुसरं, वर्षाच्या मध्ये सुरुवात केली तर पहिल्या खेपेला पैसे कमी पडतात. समजा मी जुलैला सुरू केलं असतं, तर ऑगस्टपर्यंत 1,600 झाले असते आणि हवे होते 2,000. म्हणजे हिशेब चुकला असं नाही. 400 कमी पडणार हे जुलैतच कळतं, मग मखराचा खर्च कमी करा किंवा परतीचं तिकीट आधी काढा. सुरुवात दिवाळीनंतर केली तर सगळ्यात सोपं, कारण पुढे बरेच महिने मोठा सण नसतो.

आणि सणाची तारीख दरवर्षी नवीन कॅलेंडरवर बघा. 2025 साली गणपती 27 ऑगस्टला बसले. 2026 साली अधिक मास, म्हणून ते थेट 14 सप्टेंबरला. म्हणजे जूनच्या शाळेनंतर सावरायला एक पगार जास्त मिळतो. दुसऱ्या एखाद्या वर्षी तोच पगार मिळत नाही. तेच दिवाळीचं. 2025 ला ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पगार संपत आलेला. 2026 ला नोव्हेंबरच्या 8 तारखेला लक्ष्मीपूजन, पगार ताजा.

तिसरं, लाइट बिल. मे महिन्यात पंखा रात्रंदिवस चालतो, बिल दीडपट येईल असं वाटतं आणि येतं त्याहून जास्त. युनिटचे टप्पे असतात. पहिल्या 100 पर्यंत एक दर, त्यावरच्या युनिटला चढा दर. म्हणून लाइट बिल गेल्या महिन्याचं धरू नका, गेल्या मे महिन्याचं धरा. पुन्हा तेच, जुना कागद हवा!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर सगळं फोनवरून देतो, कॅलेंडरवर कोण लिहितंय? बरोबर आहे. मग बँकेत जाऊन 12 महिन्यांचं पासबुक भरून घ्या आणि पेन घेऊन बसा. महिन्याला एकदा येणारे खर्च सोडून द्या. जे वर्षात एकदा-दोनदाच दिसतात, तेवढ्यांवर गोल करा. रोख काढलेले पैसे कशाला गेले हे त्यात दिसत नाही, ते मात्र घरच्यांना विचारून आठवायचं. ह्यांना विचारलंत तर ‘किराणाच असेल’ असं उत्तर येईल. पुरुषमाणसांच्या मते सगळा खर्च किराण्यात होतो. मुलांना विचारा, त्यांना रेनकोट कधी घेतला ते पक्कं आठवतं.

आणि गोल केलेल्यांची बेरीज, भागिले बारा. बेरीज, भागिले बारा. तो आकडा पगाराच्या दिवशी वेगळ्या खात्यात. आकडा फार मोठा आला आणि दर महिन्याला तेवढं निघणारच नाही असं दिसलं, तर घाबरू नका. यादीतली एक गोष्ट उचला, बहुतेक घरांत शाळेची, आणि तेवढीच बाराने भागा. यंदा जून सुटला तरी पुष्कळ.

एक फायदा सांगायचा राहिला. असे पैसे बाजूला असले की लोकलचा तिमाही पास काढता येतो. तो मासिक पासाच्या तिप्पट नसतो, 2.7 पट असतो. एरवी तीन महिन्यांचे पैसे एकदम निघत नाहीत म्हणून आपण महिन्याचाच काढतो.

काकूंचं कॅलेंडर आता माझ्याकडे आहे. 1997 चं. जूनच्या पानावर एका चौकोनात फक्त ‘छत्री, पुन्हा’ एवढंच लिहिलंय आणि पुढे रक्कम नाही. बहुधा राग आला असावा. वेळ झाली माझी, निवेदकबाई मघापासून खुणा करताहेत. नमस्कार.