तीन फोटो, एक भोवरा आणि दोन कानांमधली रेघ

नमस्कार मंडळी. सकाळची वेळ आहे, निम्मी जनता आत्ता आरशासमोर असणार, कुणी भांग पाडतोय, कुणी भांग पाडायला केस शोधतोय. मी इथं कोल्हापुरातच स्किनचा डॉक्टर, आणि माझ्या फोनची गॅलरी उघडली तर घरच्यांच्या फोटोंपेक्षा लोकांच्या टाळूचेच फोटो जास्त निघतील. एक पुढून, एक वरून, एक मागच्या भोवऱ्याचा, आणि खाली एकच ओळ, "सर, टकलाची कितवी स्टेज?"

तसाच एक पंचवीस वर्षांचा पोरगा, कागलकडं कंपनीत कामाला. रात्री साडेअकराला तीन फोटो टाकले आणि विचारलं, "सर, थ्री व्हर्टेक्स आहे का फोर?" म्हणजे पोरगं अभ्यास करून आलेलं. तर आज त्याच्या त्या तीन फोटोंवरच बोलतो, नाव अर्थातच सांगणार नाही.

आधी हे थ्री-फोर काय ते सांगतो. १९५१ साली हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं पुरुषांच्या टकलाचे नमुने लावले, आणि १९७५ साली नॉरवुड नावाच्या डॉक्टरनं हजार पुरुषांची डोकी बघून ते सुधारले, म्हणून आपण नॉरवुड स्केल म्हणतो. एक ते सात आकडे. एक म्हणजे काही झालेलं नाही, सात म्हणजे कानांच्या वरून मागं घोड्याच्या नालासारखी केसांची पट्टी तेवढी उरली. मधली भानगड अशी, की टक्कल दोन बाजूंनी येतं, पुढून कानशिलांच्या वरचे कोपरे मागं सरकतात आणि मागं भोवऱ्यापाशी चंद्र पडतो. या दोघांच्या मध्ये केसांचा एक पूल असतो. तीनलाच भोवरापण विरळ व्हायला लागला की थ्री व्हर्टेक्स, चारला तो पूल बऱ्यापैकी दाट असतो, पाचला अरुंद आणि विरळ होतो, सहाला पूल जातो. काहींचं नुसतं पुढूनच सरळ मागं मागं जातं, भोवरा शाबूत, त्याला ए टाइप म्हणतात.

आता खरा वाद असतो दोन आणि तीनमध्ये, कारण टक्कल म्हणायला सुरुवात तीनपासून होते. नॉरवुडची खूण अशी, की एका कानाच्या भोकापासून दुसऱ्या कानाच्या भोकापर्यंत डोक्यावरून एक आडवी रेघ आहे असं समजायचं. दोन नंबरला कोपरे मागं सरकतात खरे, पण त्या रेघेच्या साधारण २ सेंटीमीटर पुढंच थांबतात. त्याच्यापेक्षा खोल गेले की तीन. आता तुम्हीच सांगा, समोरून काढलेल्या फोटोत कानाची ही रेघ दिसते का? नाही दिसत. ती दिसते बाजूनं, आणि थोडी वरून. म्हणजे लोक ज्या फोटोवर स्टेज ठरवतात त्याच फोटोत स्टेजची खूण नसते.

त्या पोराचा पुढचा फोटो म्हणजे सेल्फी. हात वर करून, फोन कपाळाच्या वर धरून, आंघोळीनंतर केस मागं ओढलेले. बघून मलाही क्षणभर तीन वाटलं. पण फोन हातभर अंतरावर आणि वरून असला की जवळचं कपाळ मोठं दिसतं आणि हनुवटी बारीक होते, हे लग्नातल्या सेल्फीतपण बघा, पुढं उभा असलेल्याचं डोकं भोपळ्याएवढं येतं. आणि ओले केस एकमेकांना चिकटून बटा होतात, बटांच्या मधली कातडी चमकते, धडधाकट माणूसपण ओला केला की विरळ दिसतो. रंकाळ्यावर पावसात भिजलेला कुठलाही गडी बघा म्हणजे पटेल.

मी त्याला म्हटलं, भुवया वर उचल. कपाळाला आठ्या पडतील, त्यातली सगळ्यात वरची आठी बघ आणि तिच्यावर आडवं एक बोट ठेव. म्हणजे साधारण दीड सेंटीमीटर. तिथपर्यंत केसांची रेघ गेलेली असली तर ती बहुतेक वेळा टक्कल नसते, पोरसवदा रेघ मोठ्या माणसाची होते तशी ती झालेली असते, आणि हे विशीच्या आसपास बऱ्याच जणांचं होतं. दहावीच्या फोटोशी तुलना करून रडण्यात अर्थ नाही. त्याचं बोट बरोबर बसलं. कोपरे थोडे आत होते, म्हणजे पुढून दोन.

आता मागचा फोटो. हा त्यानं रूमच्या ट्यूबलाइटखाली, मान खाली घालून, फ्लॅश लावून काढलेला, आणि मधोमध पांढरा गोल. त्याला वाटलं चंद्र पडला. फ्लॅशचा उजेड सरळ केसांच्या मधनं कातडीवर पडतो आणि कातडी तेलकट असली की परत आपटतो, त्यामुळं नसलेलं टक्कलपण दिसतं. आणि भोवरा हा भोवराच असतो हो, केस तिथं एका ठिपक्यातनं चौफेर फिरून निघतात, मधली कातडी जन्मापासून दिसतेच. काहींना दोन भोवरे असतात, त्यांची तर झोपच उडते.

फरक कसा ओळखायचा? भोवऱ्याची कातडी एका ठिपक्यापुरती दिसते आणि आजूबाजूचे केस डोक्याच्या मागच्या केसांइतकेच जाड असतात, उलट्या दिशेनं कंगवा फिरवला की तो ठिपका झाकला जातो किंवा जागा बदलतो. खरं टक्कल असेल तर कंगवा कसाही फिरवा, विरळ जागा तिथंच राहते, आणि तिच्या कडेचे केस आखूड, मऊ, फिके, बारक्या पोराच्या लवेसारखे व्हायला लागलेले असतात. हा कंगव्याचा खेळ फोटोत होत नाही, कारण फोटो एकदाच एका दिशेनं काढलेला. त्याला दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी, दुपारी, कोरड्या केसांवर, फ्लॅश बंद करून, भावाकडनं फोटो काढून घ्यायला लावला, आणि चंद्र गायब. उरला भोवरा.

मग मी म्हटलं बरं झालं, पोरगं सुटलं. तरीपण त्याला क्लिनिकला बोलावलं, कारण त्यानं जाताजाता एक वाक्य टाकलेलं, "सर, भांग मात्र रुंद वाटतोय." त्याचा वरून काढलेला फोटो मला एकदम ठीक वाटला होता. केस तीन-साडेतीन इंच, जरा कुरळे, तेल लावून बसवलेले. आणि इथंच मी फसणार होतो.

केस जाण्याची पद्धत समजून घ्या. या प्रकारच्या टकलात केस एकदम पडून जागा रिकामी होते असं नाही. मुळाशी डीएचटी नावाचं हार्मोन काम करतं, आणि ज्यांची मुळं त्याला जास्त संवेदनशील, त्यांचा दरवेळी उगवणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. चांगला जाड केस ०.०६ मिलिमीटरच्या वर असतो, तो बारीक होत होत ०.०३ च्या खाली गेला की नजरेला जवळजवळ संपला. केस मोजले तर तेवढेच, पण दाटपणा निम्मा. आणि डोळ्याला हे कळायला बराच वेळ लागतो, साधारण निम्मा दाटपणा गेला तरी लांब आणि कुरळ्या केसांत ते लपतं. फोटो दाखवतो कातडी किती उघडी पडली ते, केस किती बारीक झाले ते दाखवत नाही.

तर मी त्याच्या टाळूच्या मध्यावर डर्मोस्कोप ठेवला, दहापट मोठं दाखवणारी छोटी भिंग असते. आणि मग त्याच भिंगानं डोक्याच्या मागचा भाग बघितला, कानांच्या मधला, जिथले केस या हार्मोनला फारसे जुमानत नाहीत. मागं सगळे केस एकसारखे जाड, एकेका छिद्रातनं दोन-दोन, तीन-तीन. वर मात्र जाड केसाच्या शेजारी बारीक, बारीकच्या शेजारी त्याहून बारीक, आणि बऱ्याच छिद्रांतनं एकच केस. जाडीतला असा फरक २० टक्क्यांहून जास्त केसांत दिसला की आम्ही हे पुरुषी टक्कलच धरतो. म्हणजे फोटोत पुढचं आणि मागचं जास्त दिसलं, आणि मधलं, जिथं खरं काम चाललेलं, ते दिसलंच नाही. आणि मधला भाग म्हणजे तोच पूल बरं का, ज्याच्या जोरावर चार आणि सहामधला फरक ठरतो.

मग कितवी स्टेज? कागदावर मी दोन लिहिलं, आणि शेजारी लिहिलं, मध्यभागी केस बारीक होतायत. नुसतं दोन लिहून घरी पाठवला असता तर दोन-तीन वर्षांनी तो परत आला असता.

अजून एक गोष्ट मी तिथंच विचारली, फोटोत ती कधीच येत नाही. गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का? टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, क्रॅश डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात, ते सगळ्या डोक्यावरनं गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. याला ताप नव्हता. पन्नास-साठ केस चिमटीत धरून हळू ओढले, दोन आले. सहाच्या वर आले असते तर गोष्ट वेगळी. आणि कातडीवर छिद्रंच पुसली गेलेली, लालसर, खवले असलेली जागा दिसली असती, तर ते डाग पाडून जाणारं टक्कल, ते नॉरवुडच्या आकड्यात बसतच नाही आणि त्याला घाई करावी लागते, कारण पुसलेलं मूळ परत येत नाही. मोबाइलच्या फोटोत ती जागा नुसती "अजून एक विरळ ठिकाण" दिसते.

आणि ट्रान्सप्लांटचा विचार करणाऱ्यांना सांगतो, या तीन फोटोंत भोवऱ्याच्या खालचा मागचा आणि कडेचा भाग येतच नाही, आणि केस तर तिथूनच काढायचे असतात. काहींचे मागचेपण बारीक होत असतात, अशांना तिथले केस काढून पुढं लावले तर लावलेलेपण टिकत नाहीत. कुणी नुसते तीन फोटो बघून किती ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढून लावायचे केसांचे किती पुंजके, ते सांगत असेल तर त्याला मागचं भिंगाखाली बघितलं का, एवढं विचारा.

पोराला मग औषधाचं समजावलं, मिनॉक्सिडिल आणि गोळी, त्यांचे फायदे-तोटे, पहिल्या काही आठवड्यांत गळणं वाढल्यासारखं वाटतं तेही. ते प्रत्येकाचं वेगळं, रेडिओवर नाही सांगणार. फोटोंचं मात्र ठरवून दिलं. सहा महिन्यांनी एकदा, रोज नाही. तीच खिडकी, दुपारची तीच वेळ, मागचा कॅमेरा, भाऊ दीड मीटरवर उभा, केस कोरडे, तेल नाही, मधोमध भांग. पुढून, दोन्ही बाजूंनी, मान खाली घालून वरून, भोवरा, आणि मागचं. सहा फोटो.

सहा महिन्यांनी फोटो आले. खिडकी तीच, उजेड तोच, भांग एकदम सरळ, टाळू भरलेली दिसत होती, पोरगं खूश. मी फोन केला, "अरे, केस शेवटचे कधी कापलेस?" म्हणाला, "सर, दोन महिने झाले, मुद्दाम वाढवलेत." महिन्याला एक सेंटीमीटर वाढतात, दोन सेंटीमीटर जास्तीचे केस टाळूवर आडवे पडलेले. म्हटलं, आधी कटिंग कर, मागच्या वेळेएवढे करून घे, आणि मग भावाला परत खिडकीपाशी बोलव.