ऐंशीवर थांबणारं चार्जिंग नेमकं कोणाच्या कामाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

भुसावळच्या बाजारातल्या एखाद्या दुकानात बिलं काढायचा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. सकाळी 10 ला चार्जरची पिन लावली की ती रात्री 9 ला शटर ओढेपर्यंत निघत नाही. मे महिन्यात बाहेर पारा 45 ला टेकलेला, वर पत्रे आणि पंखाही गरमच हवा फेकतो. दीड-दोन वर्षांनी एक दिवस लाईट जाते आणि लॅपटॉप दहा मिनिटांत बंद पडतो. दुकानदार म्हणतो, ''अहो, बॅटरी तर कधी वापरलीच नाही, मग गेली कशी?''

ती वापरली नाही आणि तरी कायम भरलेली राहिली, म्हणूनच गेली. लिथियम-आयन बॅटरीतला सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज 4.2 व्होल्ट किंवा त्याहूनही थोडं जास्त असतं. विजेच्या एवढ्या दाबाला आतलं द्रावण इलेक्ट्रोडजवळ हळूहळू खराब होत राहतं, लॅपटॉप कामात असो वा नसो. उष्णता त्या क्रियेला वेग देते. भरलेली बॅटरी आणि गरम जागा ही जोडी सर्वांत वाईट, आणि आपल्याकडे मार्च ते जून ती फुकटात मिळते. बऱ्याच लॅपटॉप आणि मोबाइलमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते. ती लावली की सेल साधारण 4 व्होल्टच्या आसपास राहतो आणि झीज बरीच मंदावते.

तेव्हा या सोयीचा खरा धनी आहे तो दिवसभर चार्जरला बांधलेला लॅपटॉप. लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये Lenovo Vantage उघडून Conservation Mode चालू करायचा. आसूसमध्ये MyASUS मध्ये बॅटरीची काळजी घेणारा पर्याय असतो. डेल आणि एचपीच्या अनेक मॉडेल्समध्ये हीच सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानावर सापडते. लाईट गेल्यावर पूर्ण बॅटरीवर अडीच तास चालणारा लॅपटॉप आता दोन तास चालेल, नुकसान एवढंच.

सेटिंग लावल्यावर एक घोळ हमखास होतो. आकडा 80 वर थांबतो, स्क्रीनवर 'चार्ज होत नाही' अशा अर्थाची सूचना येते, आणि माणूस चार्जर खराब झाला म्हणून नवा घेऊन येतो. त्याआधी सेटिंग बंद करून बघा. आकडा वर सरकला, तर चार्जर धडधाकट आहे.

बॅटरी किती झिजली ते विंडोजच्या लॅपटॉपवर मोजता येतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

अहवालाची फाइल कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. त्यात Design Capacity आणि Full Charge Capacity हे दोन आकडे शोधा. समजा पहिला 42,000 आणि दुसरा 29,400 आहे, म्हणजे बॅटरी 70 टक्के उरली. मर्यादा लावून गेलेले 30 टक्के परत येत नाहीत, पुढची झीज तेवढी रोखली जाते.

आता मोबाइल. आयफोन 15 पासून पुढे, सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये आणि नव्या पिक्सेलमध्ये ही मर्यादा आहे. सॅमसंगवर Settings मध्ये Battery आणि त्यात Battery protection. पण ती सगळ्यांनी लावावी असं मला वाटत नाही. हिशेब करा. 5,000 एमएएचची बॅटरी 80 वर थांबवली की हातात उरतात 4,000. मर्यादा न लावता दोन वर्षांत बॅटरी 15 टक्के झिजली असं धरलं, तरी 4,250 शिल्लक राहतात. म्हणजे दोन वर्षांनंतर जो तोटा होईल त्याची भीती, त्याहून मोठा तोटा आजपासून रोज सोसायचा! रात्रपाळीच्या लाईटवर मोटार चालू करायला केळीच्या बागेत जाणाऱ्याला, यावलहून जळगावला कॉलेजला ये-जा करणाऱ्या पोराला 100 टक्केच हवेत. दोन-तीन वर्षांत फोन बदलणारा तर दुसऱ्या मालकासाठी बॅटरी जपतो आहे.

मोबाइलमध्ये फायदा होतो तो गल्ल्यावर दिवसभर चार्जरला लावून ठेवलेल्या पेमेंटच्या फोनला, नकाशा चालू ठेवून काचेमागच्या स्टँडवर उन्हात तापणाऱ्या गाडीवाल्याच्या फोनला, आणि एकच फोन चार-पाच वर्षं चालवणाऱ्या, संध्याकाळपर्यंत 40 टक्के उरवणाऱ्या माणसाला.

महिनोन्महिने 80 च्या वर गेलाच नाही तर काही फोनचं मोजमाप चुकतं. 20 टक्के दाखवत असताना फोन एकदम बंद पडतो. महिन्यातून एकदा मर्यादा काढून पूर्ण भरू द्या. आयफोन स्वतःच अधूनमधून शंभरपर्यंत जातो, त्याला बिघाड समजू नका.

आणि लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा मोबाइलची मागची पाठ सुटत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तिथे 80 ची सेटिंग काही करू शकत नाही. चार्जर काढा, वस्तू बंद करा, फुगा दाबून बसवायचा किंवा टोचायचा प्रयत्न करू नका, आणि बॅटरी बदलून घ्या.